संत्र्याचे पैसे आले आणि खाते गोठले: कारण कसे शोधावे आणि खाते पुन्हा सुरू कसे करून घ्यावे

बँकेच्या ग्रामीण शाखांत काम करताना गेल्या काही वर्षांत एक दृश्य मी वारंवार पाहिले. शेतकरी मार्च महिन्यात पैसे काढायला येतो, पासबुकात शिल्लक दिसते, पण काउंटरवरून उत्तर मिळते की खाते ‘फ्रीज’ आहे. का, हे तेथे कोणी सांगत नाही आणि पुढे काय करायचे तेही कळत नाही. माणूस आठवडाभर शाखेच्या चकरा मारतो. या प्रकरणांतला सर्वांत अवघड आणि आता सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे दुसऱ्या राज्यातील सायबर तक्रारीमुळे गोठलेले खाते. म्हणून हा लेख मुख्यतः त्याविषयी आहे.

वरुड तालुक्यातील एका संत्रा उत्पादकाचे उदाहरण घेऊ. ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील मी बदलले आहेत. त्यांनी मृग बहाराचा बगीचा झाडावरच एका बाहेरच्या व्यापाऱ्याला ४,६०,००० रुपयांना ठोक दिला. जानेवारीत ६०,००० रुपये इसार रोख मिळाला. उरलेले ४,००,००० रुपये फेब्रुवारी आणि मार्चमध्ये तोड होत गेली तसे पाच हप्त्यांत मोबाइलवरून खात्यात आले. त्यांपैकी ८५,००० रुपयांचा चौथा हप्ता व्यापाऱ्याच्या नावाने न येता एका अनोळखी नावाच्या खात्यातून आला. “माझ्या माणसाच्या खात्यातून टाकले, पाहून घ्या,” असे व्यापाऱ्याने फोनवर सांगितले आणि शेतकऱ्याने रक्कम मिळाल्याचे पाहून विषय सोडून दिला. नऊ दिवसांनी ते पीककर्ज भरण्यासाठी पैसे काढायला गेले, तेव्हा खात्यात ३,१२,४०० रुपये असूनही एक रुपयाही निघत नव्हता.

खाते गोठले की आधी त्याचा प्रकार ओळखा

‘खाते बंद पडले’ या एका वाक्यामागे निरनिराळी कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. दोन वर्षे ग्राहकाने स्वतः काहीच व्यवहार केला नसेल तर खाते निष्क्रिय होते. केवायसीची कागदपत्रे जुनी झाली असतील तर व्यवहारांवर मर्यादा येते. या दोन्ही गोष्टी आधार, पॅन, फोटो आणि एक अर्ज दिला की शाखेतच मिटतात, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही.

तिसरे कारण आपल्या भागात विशेष आहे. २०१४ नंतर जनधन मोहिमेत उघडलेल्या अनेक खात्यांवर व्यवसाय ‘शेतमजूर’ आणि अगदी किरकोळ उत्पन्न अशी नोंद आहे. काही खाती तर अपुऱ्या कागदपत्रांवर ‘छोटे खाते’ म्हणून उघडली गेली. अशा खात्यात एका वर्षात एकूण एक लाखाहून जास्त जमा चालत नाही, शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही आणि महिन्याला १०,००० रुपयांहून जास्त काढता येत नाही. अशा खात्यात अचानक कापसाचे किंवा संत्र्याचे दोन-चार लाख आले, किंवा पैसे आले आणि तासाभरात सगळे दुसरीकडे गेले, तर बँकेची संगणक प्रणाली स्वतःच इशारा देते आणि बँक व्यवहार थांबवते. येथे पोलिसांचा संबंध नसतो. सातबारा, विक्रीच्या पावत्या आणि उत्पन्नाची नवी नोंद दिली की निर्णय बँकेच्याच हातात असतो. मात्र बँकेने संशयास्पद व्यवहाराचा गोपनीय अहवाल सरकारकडे पाठवला असेल, तर तो पाठवला की नाही हे ग्राहकाला सांगण्यास कायद्याने मनाई आहे. तेवढ्याच मुद्द्यावर कर्मचारी गप्प राहिला, तर त्याचा राग धरू नये.

चौथे कारण पोलिसांकडून आलेली सूचना. आपल्या शेतकऱ्याचे प्रकरण याच प्रकारचे होते.

निर्दोष माणसाच्या खात्यापर्यंत हे कसे पोहोचते

समजा दुसऱ्या राज्यातील कोणाची शेअर गुंतवणुकीच्या नावाखाली फसवणूक झाली आणि त्याने १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. तक्रारीला एक पोच क्रमांक मिळतो आणि ती ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेकडे लगेच पोहोचते. ती बँक आपल्याकडे जेवढे शिल्लक असेल तेवढे अडवते आणि उरलेले पुढे कोणत्या खात्यांत गेले ते कळवते. मग त्या पुढच्या बँका तेच करतात. प्रत्येक टप्प्याला बँकेच्या भाषेत ‘लेयर’ म्हणतात. ठगाच्या पहिल्या खात्यातून पैसे दहा खात्यांत फुटतात. त्यांतल्या एखाद्या खात्यातून कोणी खरीखुरी खरेदी करतो आणि तिसऱ्या-चौथ्या लेयरला संत्रा उत्पादक, कृषी केंद्र किंवा मोबाइलवर पैसे घेऊन रोख देणारे ऑनलाइन सेंटर सापडते. तेथे माल किंवा रोख खरोखर दिलेली असते, पण संगणकाला फक्त पैशाची वाट दिसते.

त्यामुळे खाते गोठणे म्हणजे तुम्ही आरोपी ठरलात असे नव्हे. पण ते आपोआप सुटेल असे धरून चालू नये, कारण ज्या पोलीस ठाण्याच्या तक्रारीवरून निर्बंध लागला, त्या ठाण्याला तुमचा खुलासा मिळेपर्यंत तुम्ही आणि ठग यांच्यातला फरक त्यांच्या नोंदीत कोठेच नसतो.

पहिला अर्ज बँकेला

तोंडी विचारपूस करून थांबू नये. ज्या शाखेत खाते आहे तेथे व्यवस्थापकांच्या नावे अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख व सही घ्यावी. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा व पावती जपावी. अर्जात ‘खाते चालू करा’ एवढेच लिहिले तर त्याचे उत्तर ‘वरून आदेश आहे’ एवढेच येते. म्हणून नेमकी माहिती मागावी. आपल्या शेतकऱ्याचा अर्ज असा होता:

“माझ्या बचत खात्यातून दिनांक ११ मार्चपासून पैसे काढता येत नाहीत. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी. निर्बंध कोणत्या कार्यालयाच्या सूचनेवरून आणि कोणत्या तारखेला लावला. तक्रारीचा पोच क्रमांक काय. वादग्रस्त व्यवहार कोणता, त्याची तारीख, रक्कम व संदर्भ क्रमांक. सूचनेत किती रकमेवर निर्बंध मागितला आहे. माझ्या खात्यावर प्रत्यक्षात कोणता निर्बंध लावला आहे. आणि तपास अधिकाऱ्याचा शासकीय ई-मेल पत्ता. सूचनेत ठरावीक रक्कम नमूद असल्यास त्या रकमेपुरताच निर्बंध ठेवून उर्वरित शिल्लक मोकळी करावी, ही विनंती.”

यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. निर्बंध तीन तऱ्हेने लागतो. ‘लीन’ किंवा ‘होल्ड’मध्ये ठरावीक रक्कम अडकते आणि बाकी खाते चालू राहते. ‘डेबिट फ्रीज’मध्ये पैसे जमा होतात पण काहीच निघत नाही, आणि पूर्ण फ्रीजमध्ये जमासुद्धा होत नाही. पोलिसांनी विशिष्ट रकमेवर होल्ड मागितला असताना शाखेने सावधगिरी म्हणून सगळ्या खात्यालाच डेबिट फ्रीज लावला, असे अनेकदा घडते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच खातेदारांच्या याचिकांवर, बँकांनी पोलिसांच्या मागणीत नमूद केलेल्या रकमेपुरताच निर्बंध ठेवावा, असे निर्देश दिले होते. तो निकाल आपल्या राज्यातील बँकेला थेट बांधून घेत नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख करण्यास हरकत नाही.

शाखेला मुख्यालयाकडून माहिती मागवावी लागते, म्हणून काही दिवस जातात. आपल्या शेतकऱ्याला सहाव्या दिवशी उत्तर मिळाले. निर्बंध दुसऱ्या राज्यातील सायबर पोलीस ठाण्याच्या तक्रारीवरून होता. व्यवहार तोच ८५,००० रुपयांचा होता, परंतु त्यात फिर्यादीचे म्हणून दाखवलेले पैसे केवळ ४०,००० रुपये होते, कारण पाठवणाऱ्याच्या खात्यात इतर पैसेही मिसळले होते. पूर्ण ३,१२,४०० रुपये अडवण्याला सूचनेत आधारच नव्हता.

पुरावे जुळवताना

बँकेने दिलेला संदर्भ क्रमांक पासबुकातल्या किंवा मोबाइलवरच्या व्यवहाराशी ताडून पाहावा. यूपीआय व्यवहाराचा हा क्रमांक बारा आकडी असतो आणि तो जुळला की कोणत्या पैशाबद्दल खुलासा करायचा हे निश्चित होते. खुलासा फक्त त्या एका व्यवहाराचा असावा. सगळ्या आयुष्याचा हिशेब मांडला तर मुख्य मुद्दा हरवतो.

तपास अधिकाऱ्याला एकच गोष्ट पटवायची असते: या पैशाच्या बदल्यात मी खरोखर काहीतरी दिले आहे आणि पाठवणाऱ्याशी माझा दुसरा संबंध नाही. त्यासाठी संत्र्याच्या सौद्यात पुष्कळ कागद असतात, फक्त ते कागद म्हणून आपण जपत नाही. सातबारा आणि त्यावरील ई-पीक पाहणीतील संत्र्याची नोंद, इसारपावती किंवा सौदाचिठ्ठी, तोडीच्या दिवसांच्या काटा पावत्या, माल नेणाऱ्या गाडीचा क्रमांक, व्यापाऱ्याशी झालेले व्हॉट्सॲप संदेश आणि ‘माझ्या माणसाच्या खात्यातून टाकले’ असे सांगणारा संदेश असेल तर तो. आपल्या शेतकऱ्याकडे सौदाचिठ्ठी नव्हती. मात्र इसार दिल्याच्या दिवशी वहीत व्यापाऱ्याची सही घेतलेली होती, चार काटा पावत्या होत्या आणि मोबाइलवर गाडी भरतानाचे फोटो तारखेसह होते. तेवढे पुरेसे ठरले. संदेशांचे फोटो काढावेत, पण मूळ संदेश पुसू नयेत आणि मोबाइल बदलू नये.

येथे एक इशारा मनापासून देतो. पावती नव्हती म्हणून मागील तारखेचे बिल बनवून देण्याचा सल्ला गावात कोणीतरी देतोच. तसे कदापि करू नये. खऱ्या व्यवहाराला जोडलेले एक खोटे बिल पकडले गेले, तर तोपर्यंत साक्षीदारासारखा असलेला माणूस संशयित होतो. कागद नसेल तर ‘लेखी करार झाला नव्हता’ असे सरळ लिहावे आणि शेजारचा शेतकरी, तोडीचे मजूर किंवा काट्याचा मालक यांचे सहीचे निवेदन जोडावे.

व्यापाऱ्यालाही लगेच लेखी संदेश पाठवावा की अमुक तारखेचे पैसे कोणाच्या खात्यातून पाठवले आणि का. त्याने उत्तर दिले तर पुरावा मिळतो. नाही दिले तरी आपण विचारल्याची नोंद राहते.

तपास अधिकाऱ्याकडे खुलासा

खाते सुटण्याची किल्ली बहुतेक वेळा येथे असते. बँकेने दिलेल्या शासकीय ई-मेल पत्त्यावर खुलासा पाठवावा, त्याची प्रत बँकेच्या शाखेला द्यावी आणि छापील संच स्पीड पोस्टाने ठाण्याला पाठवावा. ठाणे परराज्यात असेल तर पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावे. ऑनलाइन सेंटरवाल्याकडून टंकलेखन करून घेतले तरी चालते, पण मजकूर स्वतः वाचून घ्यावा. विषयाच्या ओळीत तक्रारीचा पोच क्रमांक असलाच पाहिजे, कारण त्याच्याशिवाय अधिकाऱ्याला तुमचे प्रकरण सापडत नाही.

पत्र एका पानाचे असावे. त्यात मी कोण, माझी शेती किती व कोठे, कोणाला काय विकले, वादग्रस्त पैसे कोणत्या सौद्याचे, पाठवणाऱ्याला मी ओळखत नाही, आणि मागणी काय, हे क्रमाने यावे. मागणी दोन पायऱ्यांत ठेवावी: प्रथम वादग्रस्त ४०,००० रुपयांपुरताच होल्ड ठेवून बाकीचे खाते मोकळे करण्याचे पत्र बँकेला पाठवावे, आणि चौकशी झाल्यावर तो होल्डही काढावा. केवळ ‘पूर्ण खाते सोडा’ असे म्हणण्यापेक्षा ही मागणी अधिकाऱ्याला मान्य करणे सोपे जाते, कारण फिर्यादीच्या पैशाला धक्का लागत नाही.

अधिकाऱ्याने फोनवर ‘सोडतो’ म्हटले तरी खाते सुटत नाही. आदेश त्यांच्या शासकीय ई-मेलवरून किंवा शासकीय प्रणालीतून बँकेच्या संबंधित विभागाकडे जावा लागतो. ग्राहकाने हातात आणलेल्या पत्रावर बँक निर्बंध काढत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून पत्र बँकेच्या कोणत्या पत्त्यावर पाठवायचे, हे शाखेकडून आधीच विचारून खुलाशात लिहून द्यावे. माझ्या अनुभवात सुटलेली खाती कित्येक दिवस केवळ या एका पत्त्यामुळे अडलेली होती.

पोलिसांनी हजर राहण्याची लेखी नोटीस पाठवली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली असेल तर जाण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. कलम ९४ खाली केवळ कागदपत्रे मागितली असतील तर ती मुदतीत पाठवावीत.

आणि कोणी फोन करून पाच-दहा हजार रुपयांत खाते सोडवून देतो म्हणाला, तर तो ठग आहे असे समजावे. निर्बंध काढण्यासाठी पोलिसांना किंवा बँकेला मोबाइलवरून कसलीही फी भरावी लागत नाही. तसेच फिर्यादी म्हणून फोन करणाऱ्याला परस्पर पैसे परत पाठवू नयेत. त्याने होल्ड निघत नाहीच, आणि तो खरा फिर्यादी नसेल तर पैसे दुसऱ्यांदा जातात. वादग्रस्त रक्कम फिर्यादीला देऊन मोकळे व्हायचे असे कोणी ठरवले, तर ते फक्त तपास अधिकाऱ्याच्या लेखी सूचनेवरून बँकेमार्फत करावे. माल खरोखर दिला असेल तर घाईने तशी संमती देऊ नये, असे माझे मत आहे. मात्र रक्कम दोन-तीन हजारांची असेल आणि तिच्यासाठी मोठी शिल्लक अडली असेल, तर तो विचार व्यवहार्य ठरतो.

उत्तर आलेच नाही तर

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवावे आणि त्याची प्रत त्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना व त्या राज्याच्या सायबर तक्रार निवारण अधिकाऱ्यांना द्यावी. राज्यवार अधिकाऱ्यांची यादी cybercrime.gov.in वर असते.

त्यानंतरचा मार्ग न्यायालयाचा. १ जुलै २०२४ पासून पोलीस मालमत्ता जप्त करतात ती संहितेच्या कलम १०६ खाली, आणि जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्यांना तातडीने देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. खातेदाराला कलम ५०३ खाली त्या दंडाधिकाऱ्यांकडे रक्कम मोकळी करण्याचा अर्ज करता येतो. अडचण अशी की हे न्यायालय संबंधित पोलीस ठाण्याच्या हद्दीतले, म्हणजे बहुधा परराज्यातले असते. अडकलेली रक्कम मोठी असेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका करता येईल का, हे वकिलाला विचारावे. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे मोफत साहाय्यासाठी अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेले लोक त्यास पात्र असतात.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाविषयी गैरसमज आहे. पोलिसांचा आदेश लोकपाल उठवू शकत नाही. पण बँकेने माहितीच दिली नाही, मागणीपेक्षा जास्त रक्कम अडवली किंवा सोडण्याचे पत्र मिळूनही खाते चालू केले नाही, तर ती बँकेच्या सेवेतील उणीव आहे. लेखी तक्रारीनंतर तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर cms.rbi.org.in येथे तक्रार करता येते; चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आवक शिक्क्याची प्रत येथे कामी येते.

मधल्या काळात घर आणि कर्ज

बचत खात्याला डेबिट फ्रीज असला तरी पीककर्जाच्या खात्यात रोख भरता येते, कारण ते वेगळे खाते आहे. व्याज सवलतीसाठी ३१ मार्चची तारीख सांभाळायची असेल तर उसनवारी करून का होईना, तेथे थेट भरणा करावा. आपल्या शेतकऱ्याने मेहुण्याकडून पैसे घेऊन तसेच केले. खात्यातून आपोआप कपात होणारे विमा किंवा कर्जाचे हप्ते असतील, तर ते परत जाण्यापूर्वी संबंधितांना कळवावे.

पीएम किसानसारखे अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. डेबिट फ्रीजमध्ये ते जमा होईल, पण अडकून राहील. म्हणून पोस्टमनकडून टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत खाते उघडून आधार जोडणी तिकडे वळवता येते. मात्र गोठलेल्या खात्यावर येणारे व्यापाराचे पैसे शेजाऱ्याच्या किंवा नातेवाइकाच्या खात्यावर घेऊ नयेत, नाहीतर पैशाची वाट त्यांच्या दारापर्यंत जाते.

सुटल्यावर तपासायचे काय

आपल्या शेतकऱ्याच्या खुलाशावर तपास अधिकाऱ्याने दोनदा फोन केला, काटा पावत्यांची स्पष्ट छायाचित्रे मागितली आणि स्मरणपत्रानंतर बँकेला पत्र पाठवले. खाते गोठल्यापासून सदतिसाव्या दिवशी २,७२,४०० रुपये मोकळे झाले आणि ४०,००० रुपयांवर होल्ड राहिला.

अशा वेळी पासबुकातली शिल्लक न पाहता ‘उपलब्ध शिल्लक’ पाहावी, काउंटरवरून शंभर-दोनशे रुपये काढून पाहावेत आणि एटीएम, यूपीआय व आधारवरील व्यवहार वेगवेगळे तपासावेत, कारण मुख्य निर्बंध निघूनही मोबाइल सेवा बंदच राहिल्याची उदाहरणे आहेत. त्याच व्यवहाराच्या साखळीत अनेक जण फसलेले असतील, तर एकाच खात्यावर दोन-तीन तक्रारींचे निर्बंध असू शकतात. प्रत्येकाचा पोच क्रमांक आणि ठाणे वेगळे असते आणि एक निघाला म्हणून दुसरा निघत नाही. म्हणून खात्यावर आता एकूण किती होल्ड शिल्लक आहेत आणि कोणत्या पोच क्रमांकांचे, हे शाखेकडून लेखी घ्यावे. या शेतकऱ्याने ते घेतले, तेव्हा ४०,००० रुपयांचा एकच होल्ड उरल्याचे दिसले आणि पुढच्या पत्रव्यवहारासाठी त्यांच्या फाइलीत एकच क्रमांक राहिला.